गोळाफेकीचं मैदान आणि सत्तावन्नपट चूक

शाळेच्या मैदानावर गोळाफेकीचं क्षेत्र आखताना क्रीडाशिक्षकाला कोनमापकाची गरज पडत नाही. गोळा फेकायच्या वर्तुळाचा व्यास २.१३५ मीटर असतो. त्याच्या केंद्रात खुंटी ठोकायची, तिच्यापासून दोन टेप २० मीटरपर्यंत ताणायच्या आणि त्यांच्या टोकांमधलं सरळ अंतर बरोबर १२ मीटर भरेपर्यंत टोकं जवळ-दूर सरकवायची. मग दोन्ही टेपांच्या कडेनं फक्की मारली की क्षेत्र तयार. जागतिक अॅथलेटिक्सच्या नियमावलीत हीच रीत दिली आहे आणि कोनही दिला आहे, ३४.९२ अंश. थाळीफेक आणि हातोडाफेकीलाही हाच कोन लागतो. आकडा विचित्र दिसतो, पण तो कुणी लहर म्हणून ठरवलेला नाही. दर मीटर अंतरामागे दोन रेघांमधली रुंदी ६० सेंटिमीटरनं वाढावी, म्हणजे २० मीटरवर ती १२ मीटर व्हावी, एवढ्यासाठी तो तसा निघतो.

आता २० मीटरच्या अंतरावर एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत फक्कीचा कंस काढायचा आहे. त्या कंसाची लांबी किती? आणि केंद्रापासून त्या कंसापर्यंत जी वर्तुळपाकळी तयार होते, तिचं क्षेत्रफळ किती? अकरावीच्या विद्यार्थ्याला दोन्ही सूत्रं पाठ असतात. कंसाची लांबी `s = rθ` आणि पाकळीचं क्षेत्रफळ `A = ½r²θ`. r म्हणजे त्रिज्या २०, θ म्हणजे कोन ३४.९२. पहिलं उत्तर येतं ६९८.४ मीटर, दुसरं ६,९८४ चौरस मीटर.

दोन्ही उत्तरं चूक आहेत. या सूत्रांतला θ रेडियनमध्ये लागतो आणि घातला गेला अंशात. ही चूक इतकी नेहमीची आहे की कोणताही गणिताचा शिक्षक उत्तर पाहून कारण सांगेल. मला इथे मांडायची आहे ती त्याच्या पुढची गोष्ट. विद्यार्थी उत्तर तपासत नाही असं आपण समजतो, पण पुष्कळदा तो तपासतो आणि तरीही चूक निसटते. कारण तो ज्या तीन तपासण्या करतो, त्या तिन्ही या चुकीपुढे आंधळ्या असतात.

पहिली तपासणी म्हणजे गुणाकार पुन्हा करून पाहणं. २० गुणिले ३४.९२ हे कितीही वेळा केलं तरी ६९८.४ च येणार. हिशेबात खोट नाहीच, खोट आत घातलेल्या संख्येत आहे.

दुसरी तपासणी एककांची. भौतिकशास्त्रात ही फार कामाला येते. वेगाचं उत्तर किलोग्रॅममध्ये आलं तर काहीतरी चुकलंय हे लगेच समजतं. इथे लांबीचं उत्तर मीटरमध्ये आलं आहे आणि क्षेत्रफळाचं चौरस मीटरमध्ये, सगळं जागच्या जागी. याचं कारण असं की रेडियन म्हणजे कंसाच्या लांबीला त्रिज्येनं भागून आलेली संख्या. मीटरला मीटरनं भागलं की एकक उरत नाही. अंशसुद्धा पूर्ण फेऱ्याचा तीनशे साठावा भाग, तोही नुसता आकडाच. एक नुसता आकडा काढून त्याच्या जागी दुसरा ठेवला तर मीटरला त्याचा पत्ता लागत नाही.

तिसरी तपासणी सर्वांत हुशारीची, आणि म्हणून सर्वांत फसवी. पाकळीचं क्षेत्रफळ कंसाची लांबी आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या निम्मं असतं, हे दहावीलाच शिकवलेलं असतं. विद्यार्थी ते लावून पाहतो. ६९८.४ गुणिले २०, भागिले २, बरोबर ६,९८४. दोन उत्तरं एकमेकांशी तंतोतंत जुळली, म्हणजे दोन्ही बरोबर असणार, असं त्याला वाटतं आणि तो निश्चिंत होऊन पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण दोन्ही उत्तरांत तोच चुकीचा θ एकेकदा गुणला गेला आहे, त्यामुळे दोन्ही एकाच पटीनं फुगली आहेत. एकाच चुकीच्या पोटी जन्मलेली दोन उत्तरं एकमेकांच्या बाजूनं साक्ष देणारच. हा पडताळा लांबी आणि क्षेत्रफळ यांच्यातला संबंध तपासतो. कोन कोणत्या एककात आहे, याची तो चौकशीच करत नाही.

तेव्हा पडताळा सूत्राच्या बाहेरून आणावा लागतो. तो कसा आणायचा हे समजण्याआधी रेडियन म्हणजे काय ते क्षणभर पाहू. वर्तुळाच्या कडेनं त्रिज्येएवढीच लांबी चालून गेलो तर केंद्रापाशी जो कोन होतो, तो एक रेडियन. पूर्ण परीघ 2πr असतो, म्हणून पूर्ण फेरा 2π म्हणजे सुमारे ६.२८ रेडियनचा. हाच फेरा ३६० अंशांचा असतो, म्हणून एक रेडियन सुमारे ५७.३ अंशांचा. `s = rθ` हे सूत्र म्हणजे खरं तर रेडियनची व्याख्याच, उलटीकडून लिहिलेली. दहावीच्या सूत्रात कोनाला ३६० नं भागून 2πr नं गुणतात. कोन अंशात असल्याची कबुली तिथे छेदातल्या ३६० मध्ये उघड दिसते. अकरावीच्या सूत्रात तो छेदही नाही आणि 2π ही नाही, दोघे मिळून θ च्या आत गेले आहेत. सूत्र सुटसुटीत झालं, पण जी खूण डोळ्यांपुढे होती ती नाहीशी झाली.

कंस आणि त्रिज्या एकाच मापानं मोजायची ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटानं ज्यांचं जे कोष्टक दिलं, त्यात वर्तुळाचा परीघ २१,६०० कला धरला आहे, म्हणजे ३६० अंश गुणिले ६०, आणि त्रिज्या धरली आहे ३,४३८. ही त्रिज्यासुद्धा कलांतच मोजलेली आहे. २१,६०० ला 2π नं भागून पाहा, ३,४३७.७५ येतं. ३,४३८ कला म्हणजे ५७.३ अंश, म्हणजे आपला एक रेडियनच. फरक इतकाच की त्या पद्धतीत त्रिज्येला १ न म्हणता ३,४३८ म्हटलं होतं. ‘रेडियन’ हे नाव छापून आलं ते मात्र १८७३ मध्ये, बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात जेम्स थॉमसन यांनी काढलेल्या प्रश्नपत्रिकेत.

आता मैदानावर परत जाऊ. सगळ्यात सोपा पडताळा म्हणजे पूर्ण वर्तुळाशी तुलना. २० मीटर त्रिज्येच्या पूर्ण वर्तुळाचा परीघ १२५.६६ मीटर असतो आणि क्षेत्रफळ सुमारे १,२५७ चौरस मीटर. आपली पाकळी वर्तुळाचा जेमतेम दहावा हिस्सा, भाकरीच्या चतकोराच्याही निम्म्याहून लहान. आणि उत्तर सांगतं की तिची कड ६९८ मीटर आहे, म्हणजे पूर्ण वर्तुळाला साडेपाच फेरे घालण्याइतकी. भाग अख्ख्यापेक्षा मोठा झाला, तेव्हा उत्तर नक्की चूक.

हा पडताळा चांगला आहे, पण त्याला मर्यादा आहे आणि ती क्वचितच सांगितली जाते. अंशातला कोन तसाच सूत्रात घातला तर उत्तर पूर्ण परिघाच्या पुढे जातं ते कोन ६.२८ अंशांहून मोठा असेल तेव्हाच. समजा, त्याच २० मीटर त्रिज्येवर कोन ५ अंशांचा आहे. चुकीचं उत्तर येईल १०० मीटर. ते १२५.६६ पेक्षा कमी आहे. चुकीचं क्षेत्रफळ १,००० चौरस मीटर, तेही १,२५७ पेक्षा कमी. दोन्ही उत्तरं या चाळणीतून आरामात खाली उतरतात. खरी लांबी मात्र पावणेदोन मीटरच आहे. लहान कोनांसाठी वेगळी चाळणी हवी.

ती चाळणी म्हणजे ५७ हा आकडा. केंद्रापासून ५७ मीटर दूर गेलं की एक अंशाचा कंस जवळपास एक मीटरचा असतो. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तर कागद-पेन्सिल न घेता कंसाचा अंदाज बांधता येतो. २० मीटरवर एक अंश किती? २० भागिले ५७, म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर. आपला कोन सुमारे ३५ अंशांचा. ३५ अंश गुणिले ३५ सेंटिमीटर, १,२२५ सेंटिमीटर, म्हणजे सव्वाबारा मीटर. खरं उत्तर याच्या आसपासच असलं पाहिजे, हे सूत्राला हात न लावता कळलं. पाच अंशांसाठी पाच गुणिले ३५, पावणेदोन मीटर. अर्ध्या अंशासाठी सतरा-अठरा सेंटिमीटर. कोन कितीही लहान असला तरी ही चाळणी फाटत नाही.

भारतीय रेल्वेत वळणाची तीव्रता अंशांत सांगतात, तिथेही हाच आकडा आत दडलेला आहे. १,७५० मीटर त्रिज्येच्या वळणाला एक अंशाचं वळण म्हणतात, कारण तिथे साडेतीस मीटर, म्हणजे शंभर फूट, रूळ गेला की दिशा एक अंशानं बदलते. १,७५० ला ५७.३ नं भागा, साडेतीसच येतात.

आता बरोबर हिशेब करू. ३४.९२ ला π नं गुणून १८० नं भागायचं. येतात ०.६०९५ रेडियन. लांबी २० गुणिले ०.६०९५, म्हणजे १२.१९ मीटर. क्षेत्रफळ अर्धे गुणिले ४०० गुणिले ०.६०९५, म्हणजे १२१.९ चौरस मीटर. कोनाच्या रूपांतराकडे नुसतं पाहूनही थोडी तपासणी होते. ३४.९२ अंश हे ५७ पेक्षा कमी आहेत, म्हणून रेडियन एकापेक्षा कमी यायला हवेत, तसे ते आले. भागाकार उलटा होऊन १८० नं गुणलं आणि π नं भागलं गेलं असतं तर दोन हजार रेडियन आले असते, आणि सबंध फेरा तर सव्वासहा रेडियनचाच असतो.

आणि आता तो पडताळा, ज्याच्यासाठी मी गोळाफेकीचं मैदान निवडलं. दोन टेपांच्या टोकांमधलं सरळ अंतर, म्हणजे कंसाची जीवा, आपण प्रत्यक्ष मोजलेली आहे. ती १२ मीटर आहे. दोन बिंदूंमधली सर्वांत छोटी वाट सरळ रेषेचीच असते, म्हणून कंस १२ मीटरपेक्षा मोठा असायलाच हवा. पण कोन लहान असल्यानं कंस फारसा फुगत नाही, म्हणून तो १२ पेक्षा थोडासाच मोठा हवा. १२.१९ हे उत्तर या दोन्ही अटींत नेमकं बसतं. १९ सेंटिमीटरचा फुगवटा मैदानावर उभं राहिलं तर डोळ्यांनाही पटतो.

क्षेत्रफळालाही असाच आधार देता येतो आणि त्यासाठी त्रिकोणमितीसुद्धा लागत नाही. केंद्र आणि टेपांची दोन टोकं मिळून एक समद्विभुज त्रिकोण होतो, दोन बाजू २० मीटरच्या आणि पाया १२ मीटरचा. पायाच्या निम्म्याचा वर्ग ३६, बाजूचा वर्ग ४००, वजाबाकी ३६४, तिचं वर्गमूळ १९.०८. ही त्रिकोणाची उंची. क्षेत्रफळ ६ गुणिले १९.०८, म्हणजे साधारण ११४.५ चौरस मीटर. पाकळीत हा त्रिकोण सगळा मावतो आणि वर जीवा व कंस यांच्यामधला पातळ वर्तुळखंड तेवढा उरतो. म्हणून पाकळी ११४.५ पेक्षा थोडी मोठी हवी. आपलं उत्तर १२१.९ आहे. वर्तुळखंडाच्या वाट्याला ७.४ चौरस मीटर आले, जे त्याच्या आकाराला शोभतात.

हा पडताळा चुकीची उलटी बाजूही पकडतो. काही विद्यार्थी खबरदारी म्हणून कोन आधी रेडियनमध्ये बदलतात आणि मग सवयीनं दहावीचं सूत्र लावतात. ०.६०९५ भागिले ३६० गुणिले १२५.६६ केलं की उत्तर येतं २१ सेंटिमीटर. ते पूर्ण वर्तुळापेक्षा लहानच आहे, त्यामुळे पहिली चाळणी काही बोलत नाही. पण जीवा १२ मीटरची असताना तिच्या दोन टोकांना जोडणारा कंस २१ सेंटिमीटरचा असूच शकत नाही.

कॅल्क्युलेटरबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण तिथे एक गैरसमज पक्का बसलेला दिसतो. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवला की प्रश्न मिटला, असं अनेकांना वाटतं. ती कळ फक्त साइन, कोसाइन, टॅन या बटणांना लागू होते. २० गुणिले ३४.९२ हा साधा गुणाकार आहे, तो कोणत्याही स्थितीत ६९८.४ च देतो. कोन स्वतः बदलावा लागतो. स्प्रेडशीटमध्ये काम करत असाल तर तिथे त्यासाठी वेगळं फंक्शन आहे:

```
=20*RADIANS(34.92)
```

दुसरी गोष्ट अशी की जीवा मोजलेली नसेल आणि ती साइन वापरून काढायची असेल, तर मात्र ती कळ महत्त्वाची ठरते. जीवा म्हणजे त्रिज्येची दुप्पट गुणिले निम्म्या कोनाचा साइन, इथे ४० गुणिले १७.४६ अंशांचा साइन. कॅल्क्युलेटर अंशांवर असेल तर १२.०० येतात. तो चुकून रेडियनवर राहिला असेल तर उणे ३९.३ येतात. पडताळाच बिघडला तर बरोबर उत्तरावर संशय येतो आणि मुलं ते खोडून टाकतात. म्हणून आधी ३० चा साइन दाबून पाहावा. ०.५ आला तर कॅल्क्युलेटर अंशांवर आहे.

एवढं सगळं करूनही एक चूक या ढोबळ चाळण्यांतून सुटते आणि ती लपवून ठेवणं बरोबर नाही. ३४.९२ अंश म्हणजे ३४ अंश ५५ मिनिटं १२ सेकंद. कुणी ५५ मिनिटांचे ३४.५५ अंश केले, तर लांबी १२.०६ मीटर येते. ती जीवेपेक्षा मोठी आहे आणि अंदाजाच्याही जवळ आहे. इथे फुगवट्याचा आकार पाहावा लागतो. रेडियनमधल्या कोनाचा वर्ग करून २४ नं भागलं आणि त्याला कंसाच्या लांबीनं गुणलं की कंस जीवेपेक्षा साधारण किती जास्त असेल ते मिळतं. आपल्या कोनासाठी तो फरक १९ सेंटिमीटर येतो. ६ सेंटिमीटर फारच कमी झाले, म्हणजे मिनिटांच्या रूपांतरात गडबड आहे. शाळेच्या परीक्षेत इतक्या खोल जायची वेळ सहसा येत नाही, पण सर्वेक्षणात कोन अंश-मिनिटं-सेकंदांतच लिहिलेले असतात आणि तिथे ही चूक होते.

गणित शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. कंस आणि पाकळीचा प्रश्न देताना त्याच्यासोबत जीवेची लांबीही विचारा, आणि ती कंसाच्या उत्तराशेजारी लिहायला लावा. एक ओळ वाढेल, पण अंश आणि रेडियनची गफलत त्या ओळीत उघडी पडेल.

वाचकांना करून पाहायचं असेल तर भालाफेक घ्या. भालाफेकीची धावपट्टी ४ मीटर रुंद असते आणि तिच्या टोकाशी ८ मीटर त्रिज्येचा कंस आखलेला असतो. तिथला कोन २८.९६ अंश आहे. अंश तसेच ठेवले तर कंस २३१.७ मीटरचा येतो. रेडियन करून घेतले तर ४.०४ मीटरचा, धावपट्टीपेक्षा अवघा चार सेंटिमीटर जास्त.